पंखा खरा, तर खोली खरी

नव्या फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच इंटिरिअरवाल्याकडून मोबाइलवर थ्रीडी यायला लागतात. बेडरूम, हॉल, किचन. खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली, पलंगावर उशा रचलेल्या, कोपऱ्यात हिरवीगार कुंडी. घरातले सगळे ती चित्रं बोटांनी मोठी करून बघतात आणि चर्चा रंगते ती वॉर्डरोबच्या रंगाची, पडद्यांची, पलंगामागच्या भिंतीची. छताला पंखा कुठला आहे, दाराशेजारी बटणांचा बोर्ड आहे की नाही, एसीचा पाइप कुठून बाहेर जातो, याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. तरीही एखादं चित्र बघताना ‘छान आहे, पण काहीतरी खटकतंय’ असं वाटतं, तेव्हा खटकणारी वस्तू बहुतेक वेळा यांच्यातलीच असते.

याचं कारण सरळ आहे. सोफा पाच फुटी असतो तसा आठ फुटीही असतो. वॉर्डरोब, पलंगाची पाठ, टीव्हीचं युनिट, कुंडी, आरसा यांपैकी कशालाच ठरलेलं माप नाही. पण घरातला छताचा पंखा चार फुटी असतो. बटणांची प्लेट नऊ-साडेनऊ सेंटिमीटर उंच असते. प्लगची भोकं किती अंतरावर असतात हे कायद्याने ठरलेलं असतं. जन्मल्यापासून पाळण्यात पडून आपण पंखाच बघत आलो आणि बोर्डावरचं बटण अंधारात न बघता दाबत आलो. त्यामुळे चित्रातली खोली केवढी आहे याचा अंदाज डोळे नकळत याच वस्तूंवरून बांधतात. त्यांचं माप चुकलं की खोलीचंच माप चुकतं, आणि बघणाऱ्याला कशामुळे ते कळतही नाही.

थ्रीडी करणारे बहुतेक जण या वस्तू सगळ्यात शेवटी टाकतात. फर्निचर झालं, उजेड झाला, आता जरा ‘भरलेलं’ दिसावं म्हणून इंटरनेटवरच्या तयार मॉडेलांच्या साठ्यातून एक पंखा उतरवायचा, दोन प्लेटा भिंतीला चिकटवायच्या. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. भिंती उभ्या राहिल्या की पहिला पंखा टांगा, मग बोर्ड लावा, मग एसी. कारण या वस्तूंच्या जागा बिल्डरने आणि वायरमनने आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. फर्निचर त्यांच्याशी जुळवून घेणार आहे, त्या फर्निचरशी नाही.

नेहमी घडणारं एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीतल्या टू बीएचकेची दहा बाय बाराची बेडरूम. जमिनीपासून स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट उंची. पंख्याचा हूक स्लॅब भरतानाच लोखंडी डबीत बसवलेला आणि तो खोलीच्या बरोबर मध्ये, म्हणजे दोन्ही लांब भिंतींपासून पाच-पाच फुटांवर. आता मालकांना बारा फुटी भिंतीला लागून दोन फूट खोल वॉर्डरोब हवा आहे, सात फूट उंचीचा, आणि त्यावर छतापर्यंत लॉफ्ट. पीओपीवाला सहा इंच खाली फॉल्स सीलिंग करणार, म्हणजे खोलीची उंची उरली नऊ फूट. पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली हवीत. त्याहून वर नेली तर त्यांना वरून हवा ओढायला जागा राहत नाही आणि पंखा गरगर फिरूनही वारा लागत नाही. म्हणजे पाती आली जमिनीपासून आठ फुटांवर. माणसाने हात वर करून अंगातला शर्ट काढला तरी बोटं लागू नयेत म्हणून आठ फूट हे कमीत कमी अंतर मानतात, तेव्हा खाली उतरायलाही वाव नाही.

आता आडवं अंतर बघा. हूक भिंतीपासून पाच फुटांवर. त्यातले दोन फूट वॉर्डरोबने खाल्ले, राहिले तीन. चार फुटी पंख्याचं पातं मधल्या टोकापासून दोन फूट बाहेर येतं. राहिला एक फूट. लॉफ्ट सात फुटांपासून नऊ फुटांपर्यंत आणि पाती आठ फुटांवर, म्हणजे लॉफ्टचा पल्ला उघडला की तो थेट पात्यांच्या पातळीत येणार. सुतार लॉफ्टचे पल्ले साधारण दीड फुटांचे करतो. एक फुटाच्या जागेत दीड फुटांचा पल्ला उघडला की काय होतं, ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा. दिवाळीत वरची भांडी काढताना पंखा चालू राहिला तर पातं वाकतं आणि पल्ल्याची कड फुटते.

थ्रीडीत हे का दिसलं नाही? कारण चित्रात पंखा तीन फुटी होता. पलंगाच्या पायथ्याशी कॅमेरा ठेवल्यावर खरा चार फुटी पंखा वॉर्डरोबच्या वरच्या भागावर आला आणि महागडं लॅमिनेट झाकायला लागला, म्हणून करणाऱ्याने तो नजरेने जरा लहान केला. तीन फुटी पंख्याचं पातं दीड फूट. पाचातून दोन गेले, दीड गेला, दीड फूट मोकळा राहिला. पल्ला निसटता का होईना, उघडला. शिवाय पंखा लहान झाल्यामुळे खोली आपोआप मोठी आणि उंच दिसायला लागली. कोणी खोटं बोलायला बसलं नव्हतं, पण चित्र खोटं झालं आणि त्याचा खर्च सुताराला दुसऱ्यांदा बोलावताना मालकांनी सोसला. हेच चित्र खऱ्या मापाच्या पंख्याने केलं असतं तर लॉफ्टला फूटभर रुंदीचे पल्ले आणि 1050 मिलिमीटरचा, म्हणजे साडेतीन फुटी पंखा, असा तोडगा कागदावरच निघाला असता. मग पात्याच्या टोकापासून सव्वा फूट मोकळा राहतो आणि फुटाचा पल्ला तीन इंच राखून उघडतो. पल्ले सरकते केले तर प्रश्नच मिटतो.

माप बरोबर टाकायचं ठरवलं तरी पंख्याच्या बाबतीत एक फसवी जागा आहे आणि तिथे मुरलेले लोकही अडखळतात. बाजारात पंखा 1200 मिलिमीटरचा म्हणतात तेव्हा तो आकडा पाती फिरून जे वर्तुळ काढतात त्याच्या व्यासाचा असतो. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र वस्तू निवडून `Dimensions` बघितलं की ती वस्तू ज्या चौकटीत मावते त्या चौकटीची लांबी-रुंदी दिसते. चार पात्यांचा पंखा असता तर समोरासमोरच्या पात्यांमुळे दोन्ही जवळपास सारखंच निघालं असतं. आपल्या पंख्याला तीन पाती. एका पात्यासमोर दुसरं पातं नसतंच, रिकामी जागा असते. त्यामुळे खऱ्या 1200 च्या पंख्याची चौकट, पात्यांची रुंदी सोडली तर, एका बाजूने 900 आणि दुसऱ्या बाजूने सुमारे 1040 मिलिमीटर भरते. हे माहीत नसलेला माणूस 1040 चा आकडा बघतो, ‘माप कमी आहे’ म्हणतो आणि मोठी बाजू 1200 करून टाकतो. पंखा झाला जवळपास 1390 चा, म्हणजे सहा इंचांहून जास्त फुगला. उपाय सोपा आहे: हूकच्या जागी 600 मिलिमीटर त्रिज्येचं एक वर्तुळ काढायचं आणि तिन्ही पात्यांची टोकं त्याला टेकेपर्यंत पंखा लहानमोठा करायचा. मग `Ctrl+A` दाबून `Scale` पक्कं करायचं. ते केलं नाही तर पुढे कडा गोल करताना गोलाई टाकलेल्या मापापेक्षा लहान किंवा मोठी येते.

तयार मॉडेलांचे साठे मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या घरांसाठी बनलेले असतात, त्यामुळे तिथला पंखाच मुळात वेगळा. पाच लाकडी पाती, मधोमध काचेचे दिवे, खाली लोंबणारी साखळी आणि 52 इंचांचा व्यास. तो कोथरूडच्या बेडरूममध्ये टांगला की माप बरोबर असूनही खोली परकी दिसते. आपला पंखा म्हणजे तीन निमुळती पाती, मध्ये मोटारीचा गोल डबा, वर रॉड, रॉडच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक कप. फॉल्स सीलिंग असेल तर एक गोष्ट आवर्जून बघावी. जिप्समच्या पातळ पत्र्याला चार-पाच किलोंचा फिरता पंखा टांगता येत नाही. तो टांगलेला असतो वरच्या स्लॅबच्या हूकला. रॉड सीलिंगच्या भोकातून खाली येतो आणि वरचा कप ते भोक झाकतो. म्हणून आपल्या उदाहरणात स्लॅबपासून पात्यांपर्यंत दीड फूट अंतर आहे आणि नेहमीचा फुटाचा रॉड तिथे पुरणार नाही, लांब मागवावा लागेल. चित्रात पंखा सीलिंगला नुसता चिकटवला तर ही खरेदीची यादीच चुकते.

पात्यांचा कलही तपासावा. खालून बघितलं तर आपले पंखे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि पात्याची पुढे धावणारी कड वर, मागची कड खाली असते, म्हणून हवा खाली ढकलली जाते. खोलीची आरशासारखी उलटी प्रत करताना पंखाही उलटला गेला, तर कल उलटा होतो. असा पंखा नेहमीच्या दिशेने फिरला तर वारा छताला देईल.

पंखा फिरता दाखवावा की थांबलेला, यावर करणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. माझं मत थांबलेल्याच्या बाजूने आहे, निदान एकट्या चित्रासाठी. घरांचे फोटो काढणारे लोक कॅमेरा तिवईवर ठेवून खोलीतल्या उजेडात बऱ्याचदा पाव सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ पडदा उघडा ठेवतात. पंखा मिनिटाला 320 फेरे घेत असेल तर पाव सेकंदात एक फेरा पुरा होऊन वर थोडा होतो, आणि फोटोत पात्यांऐवजी नुसती धुरकट तबकडी उमटते. म्हणून ते पंखा बंदच करतात, आणि चांगल्या फोटोंमध्ये आपण थांबलेले पंखे बघायला सरावलो आहोत. तरी फिरता दाखवायचाच असेल तर धूसरपणा हिशेबाने द्यावा. त्याच वेगाने सेकंदाच्या 125 व्या भागात पातं सुमारे 15 अंश सरकतं. दिवसाउजेडी मोबाइलने काढलेल्या फोटोत साधारण एवढंच फरफटलेलं पातं दिसतं. ब्लेंडरमध्ये `Motion Blur` चालू करताना पंख्यापुरते `Steps` वाढवावे लागतात, नाहीतर पात्याचं टोक गोल वळण्याऐवजी सरळ रेषेत कापल्यासारखं येतं.

घरात फिरवून आणणारी चित्रफीत करायची असेल तर तिथे एक गंमतशीर अडचण येते. सेकंदाला 24 चित्रं धरली तर 320 फेऱ्यांचा पंखा एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत 80 अंश वळतो. तिन्ही पाती सारखी आणि एकमेकांपासून 120 अंशांवर. डोळ्यांना 80 अंश पुढे आलेलं पातं कळत नाही, त्याच्या पुढचं पातं 40 अंश मागे आलं असं वाटतं, आणि पंखा उलटा फिरताना दिसतो. वेग मिनिटाला 200 च्या खाली ठेवला तर एका चित्रात तो 50 अंशांपेक्षा कमी वळतो आणि सरळ फिरताना दिसतो. अशा वेळी खऱ्या वेगाचा हट्ट सोडलेला बरा.

आता दाराशेजारच्या बोर्डाकडे या. इथे सगळ्यात मोठी चूक मापाची नसून जागेची होते. बोर्ड दाराच्या कडीच्या बाजूला असतो, चौकटीपासून वीतभर अंतर सोडून, जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर. आत शिरताना उजव्या किंवा डाव्या हाताला जिथे हात आपोआप जातो तिथे. चित्रात तो बिजागरीच्या बाजूला लावला की उघडं दार त्याच्यावर येतं आणि बटण दाबायला आधी दार लावावं लागतं. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्या खोलीत राहता येणार नाही हे त्याला जाणवतं.

बोर्डाची आतली रचना थोडी जवळून बघण्यासारखी आहे. मॉड्युलर बोर्डात सगळं मॉड्यूलमध्ये मोजतात. साधं बटण एक मॉड्यूल. पंख्याचा रेग्युलेटर एक किंवा दोन. साधा प्लग दोन मॉड्यूल. बेडरूमच्या आठ मॉड्यूलच्या आडव्या बोर्डात मग चार बटणं, एक रेग्युलेटर, एक प्लग आणि त्या प्लगचं बटण अशी बरोबर भरती होते. प्लेट साधारण नऊ-साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि पाव मीटरच्या आसपास लांब, कंपनीगणिक थोडा फरक. भिंतीपासून ती जेमतेम सेंटिमीटरभर पुढे येते. एवढ्याशा जाडीमुळे खालच्या कडेला सावलीची जी बारीक रेघ पडते, तिच्यामुळेच प्लेट भिंतीवर बसवलेली वाटते. प्लेट आणि भिंत एकाच पातळीत ठेवली तर दोन पृष्ठभाग एकमेकांत भांडतात आणि काळे डाग उमटतात. कडा मिलिमीटरभर गोल हव्यात, कारण खऱ्या प्लास्टिकला धारदार कड नसतेच आणि उजेड त्या गोलाईवरच चमकतो. प्लेटचा पांढरा रंग भिंतीच्या पांढऱ्यापेक्षा थोडा वेगळा आणि थोडा तुकतुकीत ठेवावा. भिंत डिस्टेंपरची, ती उजेड पिते. प्लेट प्लास्टिकची, ती थोडा परत देते.

किती बारकाई करायची याला मात्र मर्यादा आहे. चित्र 1920 पिक्सेल रुंद आहे आणि समोरची बारा फुटी भिंत त्यात पूर्ण मावते असं धरलं तर एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम अर्धा पिक्सेल. सबंध प्लेटची उंची पन्नास पिक्सेलच्या आत. तिथे बटणावरचं कंपनीचं नाव कोरत बसण्यात रात्र घालवू नये. गोल कडेची चमक मात्र एवढ्या लांबूनही दिसते, म्हणून तेवढं करावं. कॅमेरा मीटरभरावर असेल, पलंगाशेजारचा बोर्ड समोर असेल, तरच बटणांमधल्या केसाएवढ्या फटी आणि प्लगच्या भोकांतला आडोसा करायला घ्यावा.

प्लगचंही तसंच. आपल्याकडे तीन गोल भोकं, त्रिकोणात, मोठं भोक वर. ते अर्थिंगचं. साधा प्लग 6 अँपिअरचा, त्याच्या खालच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर 19 मिलिमीटर. गिझर, एसी, ओव्हनचा पॉवर प्लग 16 अँपिअरचा, तिथे हेच अंतर एक इंच आणि भोकंही जाड. आपल्या बोर्डावर प्लगच्या शेजारी बहुधा त्याचं स्वतःचं बटण असतं. अमेरिकेत तशी पद्धत नाही. तिथली प्लेट सात सेंटिमीटर रुंद आणि साडेअकरा उंच, उभी, त्यात एकावर एक दोन प्लग, चपट्या फटींचे. आणि तिथलं बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली दाबलं की. उतरवलेलं मॉडेल तसंच वापरलं की आपल्या माणसाच्या नजरेत चित्र तिथेच फुटतं. भोकांत नुसता काळा रंग भरण्याचा शॉर्टकटही टाळावा. हल्ली लहान मुलांच्या सुरक्षेसाठी भोकांच्या आत प्लास्टिकचं झाकण असतं, ते दोन-तीन मिलिमीटर आत राखाडी दिसतं. काळे ठिपके मात्र रंगवलेलेच दिसतात.

हवेच्या जाळ्यांची बाब आणखी सरळ आहे. अमेरिकेतल्या अनेक घरांत एकाच यंत्राची गरम किंवा थंड हवा भिंती-जमिनीतल्या पत्र्याच्या मार्गातून फिरते, म्हणून तिथे जमिनीत आणि भिंतीत आयताकृती जाळ्या असतात. चार बाय दहा इंचांची जाळी हे तिथलं सर्रास माप. आपल्या फ्लॅटच्या भिंतीत असा मार्गच नसतो, तेव्हा ती जाळी पुण्याच्या चित्रात सजावट म्हणूनसुद्धा लावू नये. आपल्या घरात हवा येण्या-जाण्याच्या जागा वेगळ्या: स्प्लिट एसी, बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची झडप, तिच्यात बसवलेला एक्झॉस्ट फॅन, आणि ओट्यावरच्या चिमणीचा सहा इंची पाइप. थ्रीडीत चिमणी हमखास असते, पण पाइप कुठेच नसतो. तो वरच्या कपाटातून आडवा जाऊन खिडकीच्या वर भोक पाडून बाहेर निघतो, आणि त्याने कपाटाचा एक कप्पा जातो. चित्रात कप्पा पूर्ण दिसला की मालकीणबाई तिथे डबे ठेवायचं ठरवतात.

एसीच्या बाबतीत एक गोष्ट जरूर बघावी. भिंतीवरचा स्प्लिट एसी वरच्या बाजूने हवा ओढतो आणि पुढून खाली सोडतो. त्याच्या डोक्यावर निदान चार-सहा इंच मोकळी जागा लागते. दीड टनाचा आतला डबा मॉडेलप्रमाणे साधारण तीन ते साडेतीन फूट लांब असतो, आणि त्याच्या शेजारी सात फुटांवर पॉवर प्लग व बटण. फॉल्स सीलिंगच्या कोनाड्यात एसी नीट दडवलेला चित्रात फार देखणा दिसतो, पण तसा बसवला तर तो आपलीच थंड हवा परत ओढतो, खोली थंड व्हायच्या आत थांबतो आणि मग मेकॅनिकला बोलावलं जातं. एसी ज्या भिंतीवर दाखवलाय तिच्यापलीकडे बाहेरची बाजू आहे की शेजाऱ्याची बेडरूम, हेही नकाशात बघावं. पाण्याची नळी उतारावरूनच जाते, ती वर चढत नाही.

राहता घरपणा. त्यासाठी काही जण पात्यांवर धूळ, बोर्डाभोवती काळपट बोटांचे ठसे असं सगळं भरतात. जुन्या घराचं चित्र असेल तर ते शोभतं. तेव्हा धूळ पात्याच्या पुढे धावणाऱ्या कडेवर दाट आणि मागे विरळ ठेवावी, आणि ठसे सगळ्या बोर्डाभोवती सारखे न पसरता रोज दाबल्या जाणाऱ्या एक-दोन बटणांपाशी ठेवावेत. नव्या फ्लॅटच्या चित्रात मात्र घाण नको. तिथे जिवंतपणा येतो तो हिशेब जुळण्याने. दिवा लागलेला असेल तर त्याचं बटण खाली दाबलेलं असावं, बाकीची वर. बटणांचा हा चार-पाच अंशांचा फरक प्रत्येकावर उजेड वेगळा पाडतो आणि बोर्ड वापरातला वाटतो. पलंगाशेजारच्या प्लगला मोबाइलचा चार्जर असावा आणि त्याची वायर गुरुत्वाकर्षण मानणारी असावी. पंखा रिमोटवर चालणारा बीएलडीसी असेल तर बोर्डावर रेग्युलेटर नसावा. त्या जागी आणखी एक बटण किंवा कोरी पट्टी. वायरमन असलं चित्र हातात घेतो तेव्हा त्याला पॉइंट मोजता येतात, आणि तो मान हलवतो की नाही ही माझ्या मते खरी परीक्षा आहे.

घरमालकांसाठीही एक सोपी तपासणी आहे. चित्रातलं दार आणि त्याच भिंतीवरचा बोर्ड घ्या. दार सात फुटी म्हणजे साधारण 210 सेंटिमीटर, प्लेट नऊ-साडेनऊ. दाराची उंची पट्टीने मोजा आणि तेवीसने भागा. प्लेटची उंची जवळपास तेवढी आली पाहिजे. दोन्ही एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी असल्यामुळे कॅमेऱ्याच्या कोनाचा फारसा फरक पडत नाही. पंखा असा मोजता येत नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या जवळ असतो आणि रुंद कोनाच्या लेन्सने चित्राच्या वरच्या कडेला ताणला जातो. त्यासाठी वरून बघितलेला नकाशा मागा. पाच फूट रुंदीच्या पलंगाशेजारी पंख्याचं वर्तुळ चार फुटांचं दिसतंय का, एवढंच बघायचं.

थ्रीडीला होकार देण्याआधी डिझायनरकडून तीन गोष्टी ड्रॉइंगवर लिहून घ्या: पंखा किती मिलिमीटरचा आहे, पाती जमिनीपासून किती उंचीवर आहेत, आणि लॉफ्टचा पल्ला पूर्ण उघडल्यावर पात्याच्या टोकापासून किती इंच राहतात. सुताराला प्लायची ऑर्डर द्या ती त्यानंतरच.